वरच्या दातांची मागची बाजू

सुरुवात झाली ती एका जुन्या सिमेंटपासून. खालच्या दाढेत कॉलेजात असताना भरलेलं सिमेंट जिभेला टोचायला लागलं, म्हणजे ते दाढेच्या वर आल्यासारखं वाटायचं, कडेने जीभ फिरवली की एक पायरी लागायची. मला वाटलं निघतंय बहुतेक. घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये गेले, त्यांनी "हाय झालंय" म्हणून घासून सपाट करून दिलं, दोन मिनिटांचं काम. थोडे महिने बरं गेलं आणि मग परत तीच पायरी. आता सिमेंट काही वाढत नाही, मी रसायनशास्त्र शिकवते, एवढं मलाही कळतं. त्याच सुमारास दात आंबायला लागले होते, नुसतं साधं पाणी प्यायलं तरी शिवशिव व्हायची, आणि आरशात बघितलं तर पुढच्या पटाशीच्या दातांची टोकं काचेसारखी दिसायला लागली होती, मागचा तोंडातला अंधार आरपार दिसतो तशी करडी. आईचं निदान तयार होतं, "कीड लागली असेल, गोड खातेस." गोड मी खातच नाही फारसं, ते सोडा.

कॉलेजातल्या एका सहकारी मॅडमनी त्यांच्या डेंटिस्टकडे पाठवलं. वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढीच वाटली, मी तिला मॅडम म्हणायचे आणि ती मला मॅडम म्हणायची. तिने आधी एक्स-रे काढला नाही, आधी हवेचा झोत मारून दात कोरडे केले आणि छोट्या आरशाने बराच वेळ नुसती बघत बसली. मग मला म्हणाली, "मॅडम, कीड नाहीये. एकही नाही. दात विरघळतायत."

विरघळतायत हा शब्द ऐकून मी जरा सरसावूनच बसले, कारण हा तर माझा विषय.

तिने जे समजावलं ते माझ्या भाषेत लिहिते. दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल, ते मुख्यतः हायड्रॉक्सीॲपेटाइट, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की ते विरघळायला लागतं, आतल्या डेंटिनचं तर त्याही आधी, सहाच्या वरच सुरू होतं. कीड आणि झीज दोन्हीकडे काम ॲसिडच करतं, पण ते ॲसिड येतं कुठून हा सगळा फरक. किडीत ॲसिड बॅक्टेरिया बनवतात. दातावर चिकटलेल्या थराखाली बसून ते साखर खातात आणि तिथेच ॲसिड सोडतात, म्हणून कीड नेहमी आडोशाला सापडते, दाढेच्या खाचेत, दोन दातांच्या फटीत, हिरडीच्या कडेला, जिथे ब्रश पोचत नाही. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला वरचा पृष्ठभाग शाबूत असतो, खनिज आतून कमी होतं, खडूसारखा पांढरा डाग दिसतो, त्या टप्प्यावर फ्लोराइड आणि लाळ मिळून ते थोडं भरूनही काढू शकतात. पुढे खड्डा पडतो.

झिजेत बॅक्टेरियाचा संबंधच नाही. ॲसिड बाहेरून येतं, खाण्यापिण्यातून किंवा पोटातून, आणि सरळ पृष्ठभागावर पडतं. म्हणजे जो दात जास्त स्वच्छ, ज्याच्यावर थर नाही, तोच जास्त उघडा. तिथे खड्डा पडत नाही, सगळा पृष्ठभागच थोडा थोडा खाली जातो, गुळगुळीत आणि चकचकीत होतो. दाताच्या बारीक रेघा पुसल्या जातात. दाढांच्या टोकांवर छोट्या वाट्या तयार होतात, मध्ये पिवळसर डेंटिन दिसतं. आणि सिमेंट? ॲसिडचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही, ते आहे तिथेच राहतं, आजूबाजूचा दात खाली जातो. माझी पायरी म्हणजे हे होतं. त्या पहिल्या क्लिनिकने सपाट केलं ते सिमेंट नव्हे, माझ्या दाताची जुनी उंची दाखवणारी खूणच होती असं म्हणा.

मी विचारलं की रात्री दात खात असेन त्यामुळे झिजलं असेल तर? नवरा म्हणतो कधीकधी आवाज येतो. तिने एक पातळ निळा कागद चावायला दिला. दातावर दात घासून झीज झाली असेल तर वरचा आणि खालचा सपाट भाग एकमेकांवर बरोब्बर बसतो, कारण एकानेच दुसऱ्याला घासलेलं असतं. माझ्या दाढांवरच्या वाट्यांच्या तळाशी रंग लागलाच नाही, समोरचा दात तिथे पोचतच नव्हता. मग तिथून खनिज नेलं कोणी? पातळ पदार्थाने. हे मला फार आवडलं, अगदी प्रॅक्टिकलला घालावं असं.

मग तिने माझं खाणंपिणं विचारलं, आणि नुसतं "कोल्ड्रिंक पिता का" असं नाही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय, किती वाजता, किती वेळ लावून, त्याच्या आधी नंतर ब्रश कधी. माझं असं होतं: सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात अर्धं लिंबू आणि मध, वजनासाठी, कितीतरी वर्षं. ते हळूहळू घोट घोट घेत पेपर वाचायचा. लगेच ब्रश, आणि ब्रश कडकच लागतो मला. मग कॉलेजला बाटलीत लिंबूपाणी साखर न घालता, ते दिवसभर तासातासाला दोन घोट, कारण सलग लेक्चर झाली की घसा कोरडा पडतो. उन्हाळ्यात घरी कोकम सरबत. कोल्ड्रिंक शून्य! मी तर स्वतःला फार हेल्दी समजत होते.

घरी येऊन मी लॅबमधून आणलेल्या पीएच पट्ट्या घेऊन बसले. १ ते १४ वाली जाड पट्टी इथे उपयोगाची नाही, एक एक आकड्याच्या उड्या मारते, म्हणून कमी रेंजच्या घेतल्या. लिंबूपाणी तीनच्या जरा खाली. कोकम सरबत साधारण तिथेच. मुलीचं कोला अडीचच्या आसपास, आणि डाएट कोला थोडंसंच वर, म्हणजे साखर काढली तरी ॲसिड तेच, कीड कमी होईल पण झीज नाही. मधाचा यात काही संबंध नव्हता. दुधाचा चहा सहाच्या वर, तो निर्दोष. आणि मग ताक, सव्वाचार! मी लगेच घाबरून डेंटिस्टला मेसेज केला की ताक पण बंद करायचं का. तिने सांगितलं बिनधास्त प्या. पीएच कमी असला तरी ताकात कॅल्शियम आणि फॉस्फेट आधीच भरपूर विरघळलेलं असतं, त्यामुळे दातातून आणखी काढून घ्यायला जागा नसते. खरंच की, समतोल, अकरावीला मीच शिकवते. म्हणजे नुसता पीएच बघून निकाल द्यायचा नाही. लिंबाचं उलटं, त्यातलं सायट्रिक ॲसिड विरघळवतं ते वेगळं आणि वर कॅल्शियमला पकडूनही ठेवतं, म्हणून ते तेवढ्याच पीएचच्या दुसऱ्या पेयापेक्षा जास्त त्रास देऊ शकतं.

इथपर्यंत मला वाटत होतं झालं, लिंबू सापडलं, केस बंद. पण तिला एक गोष्ट खटकत होती. पिण्यातल्या आंबटाने झीज झाली तर सहसा पुढच्या दातांची ओठाकडची बाजू आणि खालच्या दाढांचा वरचा भाग जातो. माझ्या दाढा गेल्याच होत्या, पण सगळ्यात वाईट अवस्था होती वरच्या पटाशीच्या दातांच्या मागच्या बाजूची, टाळूकडची. तिने फोटो काढून स्क्रीनवर दाखवला. हिरडीला लागून इनॅमलची एक बारीक पट्टी उरलेली आणि बाकी सगळं मागून पोखरल्यासारखं पातळ, पिवळट. आणि खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू? एकदम ठणठणीत. ती म्हणाली, "ॲसिड वरून, गिळताना नाही, खालून वर येतंय. जिभेवरून येतं आणि टाळूकडच्या बाजूला लागतं. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असतात आणि तिथेच लाळेच्या ग्रंथी उघडतात, म्हणून वाचतात."

मला पित्ताचा त्रास नाही असं मी ठामपणे सांगितलं. छातीत जळजळ नाही, काही नाही. मग तिने विचारलं, सकाळी उठल्यावर तोंड आंबट लागतं का, आवाज बसलेला असतो का, सारखं खाकरावं लागतं का, रात्री कोरडा खोकला येतो का. चारपैकी तीन हो. घसा बसतो ते मी शिकवण्यावर ढकललं होतं, प्रत्येक शिक्षकाचा बसतो. आणि सकाळचं आंबट तोंड जावं म्हणून तर मी लिंबू-मध घ्यायचे, ताजंतवानं वाटतं म्हणून. (यावर ती काही बोलली नाही, फक्त लिहून घेतलं.) तिने हेही अगदी साधेपणाने विचारलं की वारंवार उलट्या होतात का, किंवा कधी स्वतःहून काढता का, कारण उलट्यांमध्ये झिजेची हीच जागा असते. तरुण मुलींमध्ये हे विचारावंच लागतं म्हणाली, आणि आईसमोर विचारून उपयोग नसतो. पोटातल्या ॲसिडचा पीएच एक ते दोन, लिंबूपाण्याच्या कितीतरी खाली. आणि रात्री झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणंही कमी होतं, त्यामुळे दुपारी आलं असतं तर लाळेने धुऊन गेलं असतं ते रात्री दातावर तसंच बसून राहतं.

तिने दातांवर लगेच काहीही केलं नाही. मी तर म्हटलं कॅप बसवून टाका एकदाच, तिने नाही सांगितलं. ॲसिड चालू असताना कॅप बसवली तर कॅपच्या कडेचा दात विरघळत राहणार. त्याऐवजी तोंडाचे सहा भाग करून प्रत्येक भागातल्या सगळ्यात वाईट दाताला ० ते ३ मार्क दिले, शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे नुसता पृष्ठभागाचा पोत जायला लागला, दोन म्हणजे स्पष्ट झीज पण पृष्ठभागाच्या निम्म्यापेक्षा कमी, तीन म्हणजे निम्मा किंवा जास्त. माझी बेरीज ११, मधल्या गटात. दातांचा ठसा घेऊन मॉडेल बनवलं, फोटो ठेवले, आणि मला पोटाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

पोटाचे डॉक्टर आधी जरा हसले, दातांच्या डॉक्टरने पाठवलेली पेशंट त्यांच्याकडे कमी येत असणार. गिळताना अडकणं, वजन आपोआप उतरणं, रक्ताची उलटी, काळी शी यातलं काही आहे का विचारलं, असतं तर लगेच दुर्बिणीची तपासणी केली असती. माझी तपासणी नंतर झाली तर अन्ननलिका नॉर्मल निघाली, आणि त्यांनी सांगितलं की दुर्बिणीत नॉर्मल दिसणं म्हणजे ॲसिड वर येत नाही असं नव्हे. खात्री करायची तर नाकातून बारीक नळी घालून २४ तास पीएच मोजतात. ते मला करावं लागलं नाही कारण आठ आठवड्यांच्या गोळीने सकाळचं आंबट तोंड आणि घसा दोन्ही सुधारलं. ती पॅन्टोप्राझोलची गोळी घेण्याची वेळ मात्र महत्त्वाची निघाली. ती जळजळ झाल्यावर घ्यायची नसते, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, कारण खाल्ल्यावर ॲसिडचे पंप चालू होतात आणि तेव्हा ती रक्तात असायला हवी. सासूबाई वर्षानुवर्षं जेवल्यावर घेतायत. आणि ही गोळी आपल्या मनाने वर्षभर चालवायची नाही हेही त्यांनी बजावलं. गोळीने वर येणारं कमी आंबट होतं, येणं थांबतंच असं नाही, म्हणून बाकीचं बदलावं लागलं: रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी (आमच्या घरी हे सगळ्यात अवघड गेलं), पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून सहा-सात इंच उंच केला, नुसत्या उशा वाढवून पोट दुमडतं आणि उलट दाब वाढतो, आणि डाव्या कुशीवर झोपणं.

दातांसाठीच्या सवयींचं सांगायचं तर सगळ्यात मोठा बदल ब्रशच्या वेळेचा. ॲसिड लागल्यावर इनॅमलचा वरचा अगदी पातळ थर मऊ होतो, तो लाळेने परत थोडा घट्ट होऊ शकतो पण त्याआधीच ब्रश मारला तर तो थर पुसला जातो, आणि एकदा गेलेलं इनॅमल परत येत नाही, ते बनवणाऱ्या पेशी दात वर यायच्या आधीच संपलेल्या असतात. म्हणून आता उठल्यावर आधी साध्या पाण्याने चूळ, तोंड आंबट असेल तर ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून गुळण्या, आणि ब्रश त्यानंतर थोड्या वेळाने, नाश्त्याच्या आधी. मी विचारलं अर्धा तास थांबलं की पुरे ना, तर ती म्हणाली थांबा जरूर, पण त्याच्यावर भरवसा ठेवून दिवसभर आंबट पिऊ नका, मऊ झालेला थर पूर्ववत व्हायला तासन् तास लागतात, थांबण्यापेक्षा ॲसिड किती वेळा लागतं ते कमी करणं जास्त उपयोगाचं. ब्रश मऊ घेतला. पेस्ट फ्लोराइडची, ट्यूबवर १००० पीपीएम लिहिलेलं बघून, आणि घासून झाल्यावर थुंकायचं पण खळखळून धुवायचं नाही, नाहीतर फ्लोराइड गटारात. स्टॅनस फ्लोराइडची मिळाली तर झिजेसाठी ती जास्त चांगली असं तिने सांगितलं, दातावर थोडा डाग येऊ शकतो एवढंच. दात पांढरे करणाऱ्या खरखरीत पेस्ट आणि कोळशाच्या पावडरी बंद, मीठ-लिंबू लावून घासणं तर विचारूच नका, तो सल्ला मला आत्तापर्यंत किमान दोन मावश्यांनी दिलाय.

लिंबूपाण्याची बाटली गेली. हा मुद्दा मला सगळ्यात पटला कारण हिशोब साधा आहे. एक ग्लास लिंबूपाणी एकदम प्यायलं तर लाळ काही मिनिटांत पीएच वर आणते. तेच ग्लास दिवसभर तासातासाला दोन घोट घेतलं तर प्रत्येक वेळी तीच काही मिनिटं नव्याने, शिवाय सलग बोलून तोंड कोरडं असताना लाळही कमी. म्हणजे तेवढंच लिंबू, नुकसान कितीतरी पट. आता बाटलीत साधं पाणी. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी झोप येते त्यांनीही तोंड कोरडं पडतं, त्या मी परागकणांच्या दिवसांत सर्रास घ्यायचे, त्याबद्दलही तिने विचारलं होतं. स्ट्रॉचं म्हणाल तर उपयोग होतो पण टोक दातांच्या मागे असेल तर, ओठात धरून पुढच्या दातांवरच धार मारली तर काय फायदा. आणि कोणतंही आंबट तोंडात घोळवायचं नाही. व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्याही त्याच यादीत, त्या मी कोविडच्या काळापासून चॉकलेटसारख्या खात होते.

सहा महिन्यांनी नवीन फोटो जुन्याच्या शेजारी ठेवले, मॉडेलशी ताडून बघितलं. फरक नाही, म्हणजे आणखी गेलं नाही, आणि यात हाच चांगला रिझल्ट असतो, दात पूर्वीसारखे झाले अशी अपेक्षा ठेवायची नाही. चकचकीत गुळगुळीतपणा जाऊन पृष्ठभाग जरा निस्तेज दिसायला लागला होता, झीज थांबल्याची ती खूण असते असं तिने सांगितलं, मी मात्र आधी चमक गेली म्हणून खट्टू झाले होते. शिवशिव बरीच कमी. त्यानंतरच तिने वरच्या चार दातांना मागून कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं सिमेंट, लावलं, दात न कापता, आहे त्याच्यावर भर घालून. सुरुवातीला दाढा एकमेकींना लागतच नव्हत्या, भात सुद्धा नीट चावता येईना, पुढे उंची वाढली म्हणून. काही महिन्यांत दाढा आपोआप सरकून परत टेकल्या, हे असं होतं ते तिने आधीच सांगितलं होतं म्हणून मी घाबरले नाही. हे कंपोझिट काही कायमचं नाही, काही वर्षांनी कुठे तुकडा उडेल, डाग पडेल, परत करावं लागेल. खर्च चार कॅपांपेक्षा कमी आला आणि दात तसाच राहिला.

बहिणीने विचारलं म्हणून लिहिते, सोलकढी सोडली नाही. जेवताना पिते, एकदम, जेवणाची लाळ असतेच तोंडात, आणि नंतर पाण्याची चूळ. लिंबू वरणावर पिळून घेते. फक्त रात्रीच्या जेवणात दोन्ही नाही, ते दातांसाठी नाही, पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून.